खोकं अडकलं, हे पट्ट्याला कसं कळतं?

कारखान्यातल्या कन्व्हेयर पट्ट्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर आणि खोक्याची लांबी चाळीस सेंटीमीटर धरू. वाटेतल्या फोटो-सेन्सरसमोरून जायला खोक्याला 0.8 सेकंद लागतात. सेन्सर सलग दोन सेकंद झाकलेला राहिला, तर खोकं अडकलं असं समजायचं. पट्टा चालवणाऱ्या पीएलसीमध्ये हे काम ऑन-डिले टायमर करतो. सिग्नल आला की तो वेळ मोजू लागतो, वेळ भरली की त्याचं आउटपुट चालू होतं. सिग्नल मध्येच गेला तर मोजणी पुन्हा शून्यावर.

```
Jam(IN := Sensor AND Motor, PT := T#2s);
```

यातलं `Motor` महत्त्वाचं. ते नसेल तर जेवणाच्या सुट्टीत सेन्सरसमोर निवांत उभं असलेलं खोकंही अडकलेलं ठरेल. पण त्यामुळे एक नवी अडचण येते. टायमरने मोटर बंद केली की त्याचं स्वतःचं इनपुट जातं, आउटपुटही जातं आणि चालूचा सिग्नल कायम असेल तर पट्टा आपोआप सुरू होतो. तेव्हा कुणाचा हात खोकं काढायला आत गेलेला असू शकतो! म्हणून अडकल्याची नोंद वेगळ्या बिटमध्ये पक्की धरून ठेवायची आणि ऑपरेटरने बटण दाबल्यावरच सोडायची.

ऑफ-डिले टायमरचं वागणं उलटं. सिग्नल येताच आउटपुट चालू, सिग्नल गेल्यावर मात्र ठरलेल्या वेळेनंतर बंद. भरणारं यंत्र थांबलं तरी पुढच्या दहा मीटर पट्ट्यावरची खोकी शेवटापर्यंत जायला वीस सेकंद लागतात, म्हणून बावीस सेकंद द्यायचे. इमर्जन्सी स्टॉप मात्र या टायमरमधून कधीच नेऊ नये, नाहीतर तोही बावीस सेकंद उशिरा लागू होईल.

आता मोटरला दर 500 तासांनी ग्रीस द्यायचं आहे. मोटर दर चाळीस मिनिटांनी थांबत असेल, तर ऑन-डिले टायमरचा तास कधीच भरणार नाही. इथे रिटेन्टिव्ह टायमर लागतो. तो थांबल्यावर साठलेली वेळ जपतो आणि पुढच्या वेळी तिथूनच मोजतो. त्याला 3600 सेकंद द्यायचे. ते भरले की काउंटर एकाने वाढवायचा आणि मग टायमर रिसेट करायचा. प्रोग्राममध्ये काउंटरची ओळ रिसेटच्या आधीच हवी. क्रम उलटला तर काउंटरला तास भरल्याचं कधी कळतच नाही आणि आकडा शून्यावरच राहतो. वीज गेल्यावरही हे आकडे टिकतील का, हे त्या पीएलसीच्या मेमरी सेटिंगमध्ये तपासावं.

खोकी मोजणारा काउंटरही असाच. सेन्सर किती वेळ झाकला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. उघडा सेन्सर झाकला गेला की तो एक आकडा वाढवतो. दोन खोकी एकमेकांना चिकटून आली तर मध्ये सेन्सर उघडतच नाही आणि मोजणीत एकच भरतं. ही चूक प्रोग्राममध्ये शोधून सापडत नाही. सेन्सरच्या आधीचा पट्टा थोडा हळू ठेवून खोक्यांमध्ये अंतर पाडावं लागतं.