आरटीओ दर (कॅश ऑन डिलिव्हरी)

आरटीओ, म्हणजेच 'रिटर्न टू ओरिजिन', ही कुरिअर व्यवसायातील संज्ञा आहे. ग्राहकाच्या हाती न पडता विक्रेत्याकडे परत आलेल्या पार्सलसाठी ती वापरली जाते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या याच लघुरूपाशी तिचा संबंध नाही. माल स्वीकारून नंतर परत करणेही यात मोडत नाही. कॅश ऑन डिलिव्हरी (सीओडी) पद्धतीत ग्राहकाने आधी काहीच दिलेले नसल्याने पार्सल नाकारण्याचा भुर्दंड विक्रेत्यावर पडतो. भारतीय टपाल खात्याच्या व्हीपी पद्धतीतही न सोडवलेले पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाते.

## दराची मोजणी

आरटीओ दर सहसा पिनकोडनुसार काढतात. ठरावीक काळात रवाना झालेल्यांपैकी निकाल लागलेली, म्हणजे पोचलेली किंवा परत आलेली, पार्सले घेऊन त्यांतील परतीचे प्रमाण काढले जाते. वाटेतील पार्सले हिशेबात धरली तर दर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, कारण परतीचा निकाल पोच मिळण्यापेक्षा उशिरा लागतो.

## विक्रेत्याचा खर्च

पूर्व नागपुरातील नंदनवन येथून घरगुती स्वरूपात कुर्ते विकणाऱ्या विक्रेत्याचे काल्पनिक उदाहरण घेता येईल. कुर्त्याची किंमत 600 रुपये आणि खरेदी 380 रुपये आहे. जाण्याचे कुरिअर 70, सीओडी शुल्क 30 आणि पॅकिंग 15 रुपये धरल्यास पोचलेल्या पार्सलमागे 105 रुपये उरतात.

पार्सल परत आल्यास जाण्याचे 70, येण्याचे 60 आणि पॅकिंगचे 15 रुपये वाया जातात. सीओडी शुल्क लागले नाही असे मानू. परत आलेल्या दहा कुर्त्यांपैकी एक विकण्यायोग्य राहत नसेल, तर प्रत्येक परतीमागे सरासरी 38 रुपये आणखी जातात. एकूण तोटा 183 रुपये होतो. म्हणजे एका परतीमुळे जवळपास पावणेदोन यशस्वी विक्रींचा नफा जातो. या हिशेबात नफा-तोटा सुमारे 36 टक्के आरटीओ दरावर समान होतो.

या विक्रेत्याने दोन भागांत प्रत्येकी 100 पार्सले पाठवली, असे समजू. पहिल्या भागात दर 10 टक्के असल्यास 7,620 रुपये नफा होतो. दुसऱ्या भागात तो 40 टक्के असल्यास 1,020 रुपये तोटा होतो. एकत्रित दर 25 टक्के आणि नफा 6,600 रुपये दिसतो; दुसऱ्या भागातील तोटा त्यात झाकला जातो. परतीच्या वाटेवरील माल काही दिवस विकताही येत नाही, त्यामुळे भांडवल अडकते.

## कारणांची ओळख

दर जास्त असणे म्हणजे त्या भागातील ग्राहक बेभरवशाचे असणे नव्हे. त्याच पिनकोडवरील आगाऊ पैसे भरलेली पार्सलेही परत येत असतील, तर दोष पत्त्यात किंवा वितरणात असण्याची शक्यता अधिक. नागपुरात अनेक पत्ते ले-आऊट आणि प्लॉट क्रमांकाने दिले जातात. ले-आऊटचे नाव सुटले तर नुसत्या प्लॉट क्रमांकावरून घर सापडत नाही. केवळ सीओडी पार्सले परत येत असतील, तर ग्राहकाचा विचार बदलणे, उशीर किंवा हाती रोकड नसणे ही कारणे संभवतात.

एकाच पिनकोडवर दोन कुरिअर कंपन्यांचे दर फार वेगळे असल्यास स्थानिक शाखेचे काम तपासावे लागते. 'ग्राहक उपलब्ध नाही' असा शेरा असूनही ग्राहकाला फोन आलेला नसेल, तर प्रत्यक्षात फेरी झालीच नसण्याची शंका येते.

## मर्यादा

एखाद्या पिनकोडवर पाचच पार्सले गेली व दोन परत आली, तर दर 40 टक्के दिसतो. खरा दर 20 टक्के असला तरी पाचांत दोन किंवा अधिक पार्सले परत येण्याची शक्यता 26 टक्के असते. म्हणून लहान विक्रेत्याला पिनकोडचे पहिले तीन अंक घेऊन गट करणे सोयीचे ठरते. हे अंक टपाल वर्गीकरणाचा जिल्हा दर्शवतात. उदाहरणार्थ, नागपूर शहरातील पिनकोड 440 ने सुरू होतात. मात्र अशा गटात शेजारच्या दोन वस्त्यांमधील फरक दिसत नाही.

## उपाय

जास्त दराच्या भागात सीओडी पूर्ण बंद केल्यास तोटा थांबतो, पण पैसे देऊन माल घेणारे ग्राहकही गमावले जातात. वरील उदाहरणात 40 पार्सले परत आली असली तरी 60 ग्राहकांनी माल घेतला होता. त्याऐवजी 100 रुपये आगाऊ घेऊन, पार्सल नाकारल्यास ते परत मिळणार नाहीत असे आधीच कळवले, तर प्रत्येक परतीचा तोटा 183 वरून 83 रुपयांवर येतो. दर 40 टक्केच राहिला तरी दुसऱ्या भागातील 1,020 रुपयांच्या तोट्याऐवजी 2,980 रुपये नफा होतो. मात्र आगाऊ रकमेमुळे मागणी किती घटते, हे त्या भागात काही काळ मोजूनच कळते.