सळईचं टोक कुठे टोचावं?

दुबई-अबुधाबीत मुलांकडे राहणाऱ्या आपल्यापैकी बरेचजण गोठवलेली कोंबडी आणतात. ती फ्रिजमध्येच, साधारण एक दिवस आधी सुटू द्यावी. बाहेरून भाजलेली दिसली तरी हाडाजवळ ती कच्ची राहू शकते, आणि नुसत्या रंगावरून ते कळत नाही. म्हणून सळईचा थर्मामीटर वापरावा.

कोंबडीत सळई मांडीच्या आतल्या बाजूला, सर्वांत जाड भागात खुपसावी. टोक हाडाला लागू देऊ नये, आकडा चुकतो. तिथे ७४ अंश सेल्सिअस हवेत. समजा, छातीत ७६ आले, पण मांडीत ६६च. तर कोंबडी परत ओव्हनमध्ये ठेवावी आणि दहा मिनिटांनी दोन्हीकडे पुन्हा पाहावं.

अखंड मांसाचे जंतू बहुधा वरच्या बाजूला असतात. खिमा करताना ते आत मिसळतात. म्हणून मटण-बीफच्या खिम्याला मधोमध ७१ अंश लागतात, कोंबडीच्या खिम्याला ७४. कटलेटमध्ये सळई वरून नव्हे, कडेने आडवी घालावी. तबकडीच्या थर्मामीटरची बरीच लांबी आत जावी लागते, म्हणून पातळ कटलेटला डिजिटलच बरा.

अंड्यातले जंतू बलकातही असू शकतात. जाड ऑम्लेट मधोमध ७१ अंशांपर्यंत शिजवावं. उकडलेल्या अंड्याचा बलक घट्ट झालेला असावा.

दर वेळी टोचल्यावर सळई साबणाने धुवावी. अधूनमधून ती बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून बुडवावी. आकडा शून्याजवळ आला नाही, तर त्या थर्मामीटरवर विसंबू नये.