खिरीतल्या सुट्ट्या शेवया

शेवयांची खीर बिघडते ती बहुतेक वेळा दुधात नव्हे, त्याआधी कढईत. चमच्याला गिच्च गोळा लागला की दोष शेवयांच्या पाकिटाला दिला जातो. पण बहुतेकदा शेवया सगळीकडून सारख्या भाजलेल्याच नसतात.

शेवई म्हणजे मुळात गव्हाचं पीठ. गरम द्रवात 60 ते 65 अंश सेल्सिअसच्या आसपास पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगायला लागतो. कच्ची शेवई दुधात टाकली, तर तिच्या बाहेरच्या थरातला स्टार्च सुटतो, खळीसारखा चिकट होतो आणि शेजारच्या शेवयांना धरून ठेवतो. तुपात भाजताना नेमका हा बाहेरचा थर बदलतो. उरलासुरला ओलावा उडतो, गव्हातलं प्रथिन घट्ट बसतं आणि कोरड्या उष्णतेने स्टार्च थोडा तुटल्यामुळे त्याची चिकटण्याची ताकद कमी होते. वर तुपाचा पातळ थर असतोच. अशी शेवई दूध शोषते, मऊही होते, पण आपलं अंग सोडत नाही.

चार-पाच जणांसाठी एक लिटर दूध घ्यावं. त्याला 60 ग्रॅम शेवया, म्हणजे मोडलेल्या पाऊण वाटीच्या आसपास, पुरतात. कढईत दिसायला त्या फारच थोड्या वाटतात आणि हात आणखी मुठीसाठी डब्याकडे जातो. तो आवरावा, कारण शेवया जास्त झाल्या तर कितीही छान भाजल्या तरी खिरीचा शिरा होतो. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. लांब शेवया कढईत नीट उलटत नाहीत, मग टोकं करपतात आणि मधला भाग पांढराच राहतो. पुढे दुधात हेच पांढरे भाग आधी फुटतात आणि बाकीच्यांना चिकटवतात.

जाड बुडाच्या कढईत दीड मोठा चमचा साजूक तूप मंद आचेवर पातळ होऊ द्यावं आणि शेवया घालून उलथण्याने सतत खालीवर करत राहावं. पाकिटातल्या मध्यम जाडीच्या शेवयांना पाच-सहा मिनिटं लागतात. उन्हाळ्याच्या वाळवणातल्या केसासारख्या बारीक हातशेवया मात्र दोन मिनिटांतच रंग धरतात, त्यांच्यापाशी उभंच राहावं लागतं. आधी भाजलेल्या म्हणून मिळणाऱ्या शेवयाही मिनिट-दोन मिनिटं तुपात परताव्यात, कारण पाकिटात त्यांना तुपाचा हात लागलेला नसतो.

झालं हे कळायला रंगाइतकेच कानही कामाला येतात. कच्च्या शेवया उलथताना नुसत्या सळसळतात, भाजत आल्या की कढईला लागून खुळखुळ वाजतात. एक शेवई काढून निवू द्यावी. ती बोटांत न वाकता कटकन मोडली पाहिजे. रंग बदामी हवा आणि तो सगळ्यांचा एकच हवा. बदामी रंग आला की शेवया ताटात काढाव्यात, कारण आच बंद केली तरी तापलेली कढई त्यांना भाजतच राहते. तपकिरी झाल्या तर कडसर चव दुधात उतरते आणि साखरेने ती झाकली जात नाही.

दूध वेगळं उकळून दहा मिनिटं आटवलेलं असावं. उकळत्या दुधात शेवया भुरभुरत सोडाव्यात आणि पहिली दोन मिनिटं ढवळणं थांबवू नये. थंड दुधात घातल्या तर त्या तळाशी बसून सावकाश तापतात आणि एकमेकींना धरायला त्यांना भरपूर वेळ मिळतो. सात-आठ मिनिटांनी एक शेवई दाबून बघावी. मध्ये पांढरा कच्चा कण दिसला नाही की मगच 80 ग्रॅम साखर घालावी. साखर पाणी स्वतःकडे ओढते, त्यामुळे आधी पडली तर शेवया शिजायला उगाच वेळ घेतात. गूळ घालायचा असेल तर खीर आचेवरून उतरवून कोमट झाल्यावरच, नाहीतर दूध फाटतं. वेलची, जायफळ आणि तुपात परतलेली चारोळी शेवटी.

उतरवताना खीर हवी त्यापेक्षा पातळ दिसली पाहिजे, कारण शेवया निवतानाही दूध पीतच राहतात. म्हणूनच पंगत दुपारची असेल, तर सकाळी शेवया भाजून, पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि पानं मांडण्याच्या अर्धा तास आधी दुधात सोडाव्यात. उरलेली खीर दुसऱ्या दिवशी घट्ट होतेच. तिच्यात गरम दूध घालून हलक्या हाताने सैल करावं, गार दूध घातलं तर गुठळ्या सुटत नाहीत.