आतून वेगात, बाहेर संथ

सीडीवरचं गाणं आतून सुरू होतं आणि कडेकडे सरकतं. चकतीवरच्या खुणा सगळीकडे सारख्याच दाटीने कोरलेल्या असतात, त्यामुळे लेसरखालून सेकंदाला साधारण सव्वा मीटर वाट सरकायलाच हवी.

मध्यापासून २५ मिलिमीटरवर एक फेरा जेमतेम १५.७ सेंटिमीटरचा, म्हणून मिनिटाला सुमारे ४८० फेरे लागतात. ५८ मिलिमीटरवर तोच फेरा ३६ सेंटिमीटरचा होतो आणि २०६ फेरे पुरतात.

मोटरला हे कळतं कसं? वाचलेली माहिती आधी एका छोट्या साठ्यात जाते आणि तिथून क्वार्ट्झ घड्याळाच्या ठोक्याने बाहेर पडते. साठा भरू लागला की मोटर मंदावते, आटू लागला की वेग घेते. म्हणूनच फिरण्यातला बारीक चढउतार सुरात उतरत नाही.