‘तुम्ही’चं ‘तुम’ करू नका: दुकानाचे मराठी आणि हिंदी मेसेज एकाच आवाजात कसे लिहायचे?

अमरावती किंवा अकोल्याच्या बाजारात दिवसभर दोन भाषा चालतात. एका गिऱ्हाइकाशी मराठीत बोलणारा दुकानदार पुढच्याशी सहज हिंदीत बोलतो. हे आजचं नाही. 1903 पासून 1956 पर्यंत वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडलेला होता, आणि त्या प्रांतात मराठी व हिंदी शेजारी शेजारी नांदत होत्या. तोंडी बोलताना इथल्या माणसाला अडचण येत नाही. अडचण येते ती व्हॉट्सॲपवर लिहिताना. मराठी मेसेज आपुलकीचा वाटतो आणि त्याचीच हिंदी प्रत उद्धट तरी वाटते, नाहीतर सरकारी नोटिशीसारखी. असं का होतं, हे ब्लाउज शिवून देणाऱ्या एका दुकानाच्या उदाहरणावरून पाहू.

एकच मेसेज, दोन सूर

समजा, दुकानाने मराठीत लिहिलं: ‘ताई, तुम्ही दिलेला ब्लाउज तयार आहे. आज रात्री 8 पर्यंत घेऊन जा.’ मेसेज साधा आणि गोड आहे. मग घाईत त्याची हिंदी केली: ‘ताई, तुमने दिया हुआ ब्लाउज तैयार है। आज रात 8 बजे तक लेकर जाओ।’

अर्थ तोच आहे, पण सूर बिघडला. मराठीतलं ‘तुम्ही’ आदराचं आहे. हिंदीतलं ‘तुम’ मात्र बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी वापरतात. वऱ्हाडातल्या बोलीतल्या हिंदीत ‘तुम’ सर्रास चालतं, म्हणून लिहिणाऱ्याला ते खटकत नाही. पण आवाज आणि चेहरा नसताना, नुसत्या अक्षरांत ते तुटक वाटतं. मराठी ‘तुम्ही’ची खरी जोडी हिंदी ‘आप’ आहे.

तेच क्रियापदाचं. मराठीत ‘घेऊन जा’ एवढंही ‘तुम्ही’सोबत पुरेसं आदराचं असतं. हिंदीत तीन पायऱ्या आहेत: ‘जाओ’, ‘जाएँ’ आणि ‘जाइए’. ‘जाओ’ जवळिकीचं आहे. ‘जाएँ’ हे पाटीवर किंवा सूचनेत जास्त दिसतं. समोर उभं राहून प्रेमाने बोलल्यासारखं वाटतं ते ‘जाइए’. म्हणून दुकानाच्या मेसेजात ‘ले जाइए’ बसतं.

तिसरी चूक ‘तुमने दिया हुआ’ ही. ‘तुम्ही दिलेला’ची ती शब्दशः नक्कल आहे. हिंदी बोलणारा ‘आपका दिया हुआ’ म्हणेल, किंवा नुसतं ‘आपका ब्लाउज’. तेवढं पुरतंही.

हिंदीत गिऱ्हाईक स्त्री आहे की पुरुष, हे दिसतं

मराठीत ‘तुम्ही घेऊन जाऊ शकता’ हे वाक्य बाई आणि पुरुष दोघांनाही चालतं. हिंदीत तसं नाही. ‘आप ले जा सकते हैं’ पुरुषाला, ‘आप ले जा सकती हैं’ बाईला. ब्लाउजच्या दुकानातून शंभर बायकांना ‘सकते हैं’ गेलं, तर मेसेज मशीनने पाठवल्यासारखा वाटतो. उलट ‘सकती हैं’ लिहिलं आणि फोन नवऱ्याच्या नावावर असला, तर तेही विचित्र.

उपाय सोपा आहे. ‘ले जाइए’, ‘देख लीजिए’, ‘बता दीजिए’ अशा रूपांत स्त्री-पुरुष भेद दिसतच नाही. तयार मेसेज सगळ्यांना जाणार असेल, तर हिंदी वाक्य याच रूपात बांधावं.

हाक मारण्याचंही असंच. मराठीत नावापुढे ‘ताई’ लावलं की काम होतं. हिंदीत त्याजागी ‘दीदी’, ‘भाभी’ किंवा ‘बहनजी’ यांपैकी काय लिहायचं, ते वय आणि घर पाहून ठरतं, आणि चुकू शकतं. नावापुढे ‘जी’ लावणं कुणालाही खटकत नाही. नातं बदललं तरी मान तेवढाच राहतो.

‘आपलं दुकान’ हिंदीत कसं न्यायचं?

मराठीतला ‘आपण’ दुकानदाराच्या फार कामाचा आहे. ‘आपलं दुकान रविवारीही उघडं आहे’ यात गिऱ्हाईकही मालकासारखं सामील होतं. त्याचं ‘आपकी दुकान रविवार को भी खुली है’ केलं, तर वाचणाऱ्याला वाटेल, माझं कुठलं दुकान? हिंदीत तो आपलेपणा ‘अपनी’मध्ये आहे: ‘अपनी दुकान रविवार को भी खुली है।’ मराठीत दुकान नपुंसकलिंगी आहे आणि हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून ‘उघडं’ची ‘खुली’ झाली, हेही लक्षात ठेवावं.

पण मराठीत हाच शब्द गोंधळही करतो. ‘आपण उद्या या’ ठीक आहे. ‘आपण उद्या मोजमाप घेऊ’ यात कोण घेणार, हे कळत नाही. काम कोणी करायचं हे सांगताना ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ लिहावं, आणि ‘आपलं’ फक्त दुकानासाठी ठेवावं.

उशीर झाला तर

दोन्ही भाषांत आवाज एकच आहे का, याची खरी परीक्षा वाईट बातमीत होते. म्हणून आधी कुठल्याही भाषेत वाक्य न लिहिता चार गोष्टी ठरवाव्यात: काय झालं, चूक कोणाची, आता कधी मिळेल, गिऱ्हाइकाने काय करायचं. मग दोन्ही मेसेज त्या चार गोष्टींवरून वेगवेगळे लिहावेत.

मराठी: ‘ताई, तुमचा ब्लाउज आज द्यायचा होता, पण बाहीचं काम राहिलं. चूक आमची आहे. शुक्रवारी संध्याकाळी 6 ला नक्की तयार असेल. त्याआधी हवा असेल तर सांगा, काहीतरी मार्ग काढू.’

हिंदी: ‘नमस्ते जी, आपका ब्लाउज आज देना था, पर आस्तीन का काम रह गया। गलती हमारी है। शुक्रवार शाम 6 बजे ज़रूर तैयार मिलेगा। उससे पहले चाहिए तो बता दीजिए, कोई रास्ता निकालेंगे।’

इथे वार लिहिला आहे, त्याला कारण आहे. हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही, ‘परसों’ म्हणजे परवा, मागचा किंवा पुढचा. क्रियापदावरून अर्थ कळतो, पण घाईत वाचताना घोटाळा होतो. वार आणि वेळ दोन्ही भाषांत सारखेच राहतात. ‘कृपया नोंद घ्यावी’ आणि ‘असुविधा के लिए खेद है’ ही दोन्ही वाक्यं मात्र टाळावीत. ती दुकानाची नाहीत, कार्यालयाची आहेत.

वऱ्हाडी कुठे चालेल?

‘राजेहो’, ‘मले’, ‘पायजे’ हे शब्द दुकानाच्या स्टेटसवर किंवा सणाच्या शुभेच्छांत मस्त शोभतात. पण रक्कम, तारीख आणि माफी यांत ते नकोत. वऱ्हाडी बोली अनेकदा विनोदासाठी वापरली गेली आहे, त्यामुळे पैशाच्या किंवा चुकीच्या मेसेजात ती आली की वाचणाऱ्याला आपली थट्टा होतेय असं वाटू शकतं.

एसएमएस पाठवायचा असेल तर

इंग्रजी लिपीतल्या एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त 70. त्यात काना, मात्रा आणि पाय मोडण्याचं चिन्हही वेगळं मोजलं जातं. ‘ब्लाउज’ डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो सहाचा होतो. 70 ओलांडले की एकाऐवजी दोन मेसेजचे पैसे लागतात. हे दोन्ही मात्र बसतात:

‘ब्लाउज तयार आहे. रात्री 8 पर्यंत या, एकदा घालून बघा.’ (52)

‘ब्लाउज तैयार है। रात 8 बजे तक आइए, एक बार पहनकर देख लीजिए।’ (58)

पाठवण्याआधी शेवटची तपासणी कानाने करावी. घरी हिंदीच बोलणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला हिंदी मेसेज मोठ्याने वाचायला द्यावा, मराठी मेसेज मराठी बोलणाऱ्याला. वाचताना तो जिथे अडखळतो किंवा शब्द बदलून वाचतो, तिथे त्याचाच शब्द ठेवावा.