तक्ता वाचला, तरी प्लसचा नंबर

दुसरीतली एक मुलगी शाळेच्या डोळेतपासणीत सहा मीटरवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. एक डोळा झाकून, मग दुसरा. ‘नजर उत्तम’ असा शेरा मिळतो. घरी मात्र गृहपाठाला बसली की दहा मिनिटांत डोळे चोळते, ओळ चुकते, कपाळ दुखतं म्हणते. आईला वाटतं, अभ्यास टाळायची नाटकं.

अशा मुलीला प्लस 4चा नंबर असू शकतो. दूरदृष्टितेत डोळ्याची लांबी थोडी कमी असते, म्हणून प्रतिमा पडद्याच्या मागे जुळू पाहते. पण लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग लवचिक असतं. ते फुगवून मूल प्रतिमा पुढे ओढून घेतं, तेही नकळत. आठव्या वर्षी ही ताकद साधारण 12 ते 14 नंबरांइतकी असते. तक्ता वाचायला तिला 4 खर्चावे लागतात, ते सहज जमतं. मायनसच्या नंबराला अशी पळवाट नाही, म्हणून ती मुलं तक्त्यापुढे लगेच सापडतात. पुस्तक 33 सेंटिमीटरवर धरलं की आणखी 3 लागतात. एकूण 7, म्हणजे निम्मी ताकद, आणि तीही सलग अर्धा तास. त्रास होतो तो इथे, आणि तक्ता तर लांबचीच नजर मोजतो.

पकडायची साधी युक्ती आहे. प्लस 2चं भिंग डोळ्यापुढे धरून तोच तक्ता वाचायला लावायचा. ज्याला नंबर नाही त्याला तो धूसर दिसायला हवा. तरीही बारीक ओळ वाचली, तर संशय घ्यायचा. नक्की आकडा मात्र थेंब टाकून भिंग सैल केल्यावरच कळतो. थेंब न टाकता, नुसत्या मशीनवर काढलेल्या नंबरावर लहान मुलाचा चष्मा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. थेंबांनी बाहुली मोठी होते, एखादा दिवस जवळचं धूसर दिसतं, इतकंच.

प्लस निघाला म्हणजे चष्मा लागलाच असं नाही. बहुतेक बाळं थोड्या प्लसवरच जन्मतात आणि डोळा वाढतो तसा नंबर उतरतो. दोन्ही डोळ्यांना सारखाच 1 किंवा 2, तक्रार नाही, तर वाट पाहता येते. साडेतीन-चारच्या पुढे सहसा चष्मा देतात. डोळा नाकाकडे वळत असेल तर नंबर पूर्ण देतात. तिरळेपणा नसेल तर एखादा आकडा कमी ठेवतात, कारण सवयीने ताणलेलं भिंग एकदम सैल होत नाही. या मुलीला बहुधा प्लस 3 मिळेल. पहिले काही आठवडे लांबचं धूसर दिसतंय म्हणून ती चष्मा काढून ठेवील. नंबर चुकला असं समजून दुकान बदलू नये.

दोन डोळ्यांत दीडएक नंबराचा फरक असला, तर तक्रार नसतानाही चष्मा लागतो. दोन्ही भिंगं सारखीच फुगतात आणि कमी नंबराच्या डोळ्याचं भागलं की थांबतात. दुसरा धूसरच राहतो, मेंदू त्याला वापरणं सोडतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि गरज पडल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी सुरू झाली, तर तो सुधारण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.