चार उदाहरणं जुळली, पण सिद्धता कुठे आहे?

घाटनांदूर

प्रिय विद्यार्थिनीस,

आकडेमोड बरोबर असूनही गुण का गेले, असं तू विचारलंस. प्रश्न होता: कोणत्याही पूर्णांक n साठी n³ − n ला 6 ने निःशेष भाग जातो हे सिद्ध करा. तू n च्या जागी 2, 3, 4 आणि 10 ठेवलेस, 6, 24, 60, 990 काढलेस आणि खाली लिहिलंस, ‘म्हणून सिद्ध’. विधान मात्र सगळ्या पूर्णांकांबद्दल आहे, तू तपासलेस चार.

‘मग आणखी उदाहरणं घेते,’ असं तुला वाटेल. हाच गैरसमज मुळाशी आहे. ऑयलरच्या नावाने प्रसिद्ध असलेली n² + n + 41 ही राशी स्वतः करून बघ. n = 0 ला 41 येतात, 1 ला 43, 2 ला 47, 3 ला 53. सगळ्या मूळ संख्या. 0 पासून 39 पर्यंत सलग 40 वेळा मूळ संख्याच येते. एवढं बघून कुणीही ‘नेहमीच येणार’ म्हणेल. आता n = 40 ठेव: 1681, म्हणजे 41 × 41. नियम मोडला, आणि त्यासाठी एकच उदाहरण पुरलं. कारण राशीतच होतं: 40² + 40 म्हणजे 40 × 41, त्यात 41 मिळवले की 41 सामाईक निघतोच.

तुझ्या प्रश्नातही राशीच्या आत बघायचं आहे. अवयव पाड: n³ − n = (n − 1) × n × (n + 1). या तीन क्रमागत संख्या आहेत. त्यांत निदान एक सम असणार आणि एक 3 च्या पटीत असणारच. 2 आणि 3 यांना 1 सोडून सामाईक विभाजक नाही, म्हणून गुणाकाराला 6 ने भाग जातो. इथे n कोणता हे कुठेच विचारलं नाही, म्हणून ही सिद्धता आहे. तरी तुझी उदाहरणं वाया गेली नाहीत. 60 म्हणजे 3 × 4 × 5 हे त्यातच दिसतं, अवयव तिथूनच सुचतात.

‘मग देवळालीच्या कापरेकर गुरुजींचा 6174?’ असं तू विचारशील. चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेलं, की शेवटी 6174 येतो. 3524 घेतलास तर 5432 − 2345 = 3087, मग 8730 − 0378 = 8352, मग 8532 − 2358 = 6174. चारही अंक सारखे नसले, आणि पुढचा शून्य धरला, की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हे घडतंच. ते एकेक संख्या तपासूनही सिद्ध होतं, कारण चार अंकी संख्या मोजक्या आहेत आणि एकही सुटत नाही. पूर्णांक मात्र संपत नाहीत.

एक सापळा अजून आहे. ‘दोन विषम संख्यांची बेरीज सम’ सिद्ध करताना दोन्हींना 2k + 1 लिहू नकोस. तसं केलंस तर 3 + 3, 5 + 5 एवढंच सिद्ध होतं, 3 + 5 राहून जातं. दुसरीला 2m + 1 लिही, मग बेरीज 2(k + m + 1) येते.

तुझी,
गणिताची ताई